मुंबईच्या पावसात लोकलने ऑफिस: कॉटन घालायचं की सिंथेटिक?

हा लेख जून-जुलैमध्ये पहिल्यांदा मुंबईत नोकरीला येणाऱ्यांसाठी आहे. खास करून नागपूर, अकोला, सोलापूर, संभाजीनगरकडून येणाऱ्यांसाठी, कारण तिकडे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की उकाडा म्हणजे कॉटन, आणि ते तिकडच्यापुरतं शंभर टक्के बरोबरही आहे. मे महिन्यात विदर्भात हवा इतकी कोरडी असते की कॉटनच्या शर्टाने घाम शोषला की तो लगेच उडून जातो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो म्हणून गार वाटतं. मुंबईत जुलैमध्ये हवेतच 85-90 टक्के आर्द्रता असते, मग घाम उडून जाणार कुठे? शर्ट शोषत राहतो, वाळत काहीच नाही, आणि दादर येईपर्यंत पाठीला चिकटलेलं ओलं फडकं होतं.

पण म्हणून सगळं सिंथेटिक घ्या असंही नाही. ज्यांनी एकदम सगळे कपडे पॉलिस्टरचे घेतले ते दोन आठवड्यांनी वासाने हैराण होतात. माझं मत असं की "कॉटन का सिंथेटिक" हा प्रश्न अख्ख्या माणसासाठी विचारूच नये, कमरेच्या वर वेगळा, कमरेच्या खाली वेगळा आणि आतल्या कपड्यांना वेगळा विचारावा. ओले तर तुम्ही होणारच, पावसाने नाहीतर घामाने. कपडा किती वेळात वाळतो आणि तोपर्यंत अंगावर त्रास देतो का, एवढंच बघायचं.

आधी थोडं कापडाबद्दल, कंटाळा करू नका

कॉटनचा धागा स्वतःच्या आत पाणी ओढून घेतो. साधारण हवेत ठेवलेल्या, हाताला कोरड्या लागणाऱ्या 200 ग्रॅमच्या कॉटन शर्टात 15-17 ग्रॅम पाणी असतंच आणि पावसाळी हवेत ते आणखी वाढतं. म्हणून जुलैमध्ये कपाटातून काढलेला धुतलेला शर्टसुद्धा हाताला दमट लागतो, तो नीट वाळला नव्हता असं नाही, तो हवेतूनच पाणी घेऊन बसलाय. पॉलिस्टरचा धागा आत जवळजवळ काहीच घेत नाही, तेवढ्याच वजनाच्या शर्टात एक ग्रॅमही नसेल. पाणी फक्त धाग्यांच्या मधल्या फटीत अडकतं, आणि तिथून झटकलं, पिळलं की निघून जातं. नायलॉन या दोघांच्या मधे, पण पॉलिस्टरच्या जवळचा.

तिसरं कापड रेयॉन, त्यालाच व्हिस्कोस म्हणतात. बायकांच्या कुर्त्या, पलाझो, प्रिंटेड शर्ट यात हे भरपूर असतं आणि दुकानात हात लावला की इतकं मऊ आणि गार लागतं की लोक पावसाळ्यासाठी म्हणून हेच घेतात. घेऊ नका. हे कॉटनपेक्षाही जास्त पाणी पितं आणि ओलं झालं की कमजोर पडतं (कॉटन उलट ओलं झाल्यावर मजबूत होतं). गर्दीत ओली रेयॉनची कुर्ती कुणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली की फाटते, आणि ओझ्याने खाली ओघळून दोन बोटं लांब होते ते वेगळंच. डिसेंबरमध्ये खुशाल घाला.

आणि धाग्याइतकीच महत्त्वाची कापडाची जाडी. पातळ कॉटन हे जाड पॉलिस्टरच्या आधी वाळू शकतं. जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. फॉर्मल शर्टचं कापड साधारण 100 ते 130 असतं, नेहमीचा जाडसर टीशर्ट 180-200, आणि जीन्सचं डेनिम साडेतीनशे-चारशेच्या घरात. ऑनलाईन घेताना टीशर्टखाली हा आकडा बऱ्याचदा दिलेला असतो, 160 च्या वरचा पावसाळ्यासाठी घेऊ नका, मग तो कशाचाही असो.

पायरी 1: खालून सुरुवात करा, म्हणजे पॅन्ट

पावसाने सगळ्यात जास्त भिजतो तो गुडघ्याखालचा भाग. छत्री कितीही मोठी घ्या, मुंबईचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, वर रिक्षाचे, बसचे शिंतोडे, स्टेशनबाहेरचं तुंबलेलं पाणी. म्हणून इथे माझं उत्तर सरळ आहे, पॅन्ट सिंथेटिक किंवा सिंथेटिक जास्त असलेली मिक्स.

जीन्स चार महिने विसरा. कोरडी जीन्सच सहाशे-सातशे ग्रॅमची, भिजली की तेवढंच पाणी आणखी धरते, मांड्यांना घासते, ऑफिसच्या एसीमध्ये दुपारपर्यंत शिवणी ओल्या राहतात आणि घरी दोरीवर दोन दोन दिवस लटकते. कॉटनची चिनोजही याच जातीची, जरा सौम्य एवढंच.

फॉर्मल लागत असेल तर आपल्याकडे शिवायला मिळणारं नेहमीचं पॅन्टचं कापड, पॉली-व्हिस्कोस, हे बहुतेक पॉलिस्टर जास्त आणि व्हिस्कोस कमी असं असतं, ते चालतं, क्रीज राहते आणि खालचा घेर भिजला तरी एसीमध्ये तासा-दीड तासात सुकतो. टेरिकॉटही चालेल. ऑफिस कॅज्युअल असेल तर पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरची ट्रॅव्हल पॅन्ट, ट्रेकिंगवाले घालतात तसली, सगळ्यात भारी. झटकली की अर्धं पाणी तिथेच पडतं. लांबी मात्र घोट्यापर्यंतच ठेवा, टाचेखाली येणारी पॅन्ट प्लॅटफॉर्मचं पाणी ओढत वर चढवते, गुडघ्यापर्यंत ओली होते आणि तुम्हाला वाटतं पावसाने भिजली.

बायकांसाठी: पलाझो आणि पटियाला नको, खालचा घेर चिखलात जातो. लेगिंग्ज कॉटन-लायक्राची असेल तर जाड असते आणि ओली झाली की अंगाला गच्च चिकटते. त्यापेक्षा घोट्याच्या वर संपणारी पॉलिस्टर मिक्सची सरळ पॅन्ट बरी. साडी नेसणाऱ्यांना मी काय सांगणार, लेडीज डब्यातल्या मावशी-काकू वर्षानुवर्षं जून आला की कॉटनच्या साड्या वर ठेवून जॉर्जेट, शिफॉन, सिंथेटिक साड्या काढतात, त्यांना जीएसएम वगैरे कुणी शिकवलेलं नाही.

पायरी 2: वरचं, इथे खरी गंमत आहे

कमरेच्या वर तुम्ही पावसापेक्षा घामाने जास्त भिजता. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये आत ढकलले गेलात की पंखा तुमच्यापर्यंत पोचत नाही, पावसामुळे खिडक्या बंद, चारी बाजूंनी माणसं. ड्राय-फिट टीशर्टच्या जाहिरातीत जे सांगतात की घाम बाहेर ओढला जातो आणि उडून जातो, त्यातलं पहिलं इथे होतं, दुसरं होत नाही, कारण उडायला हलती हवा लागते. म्हणून ट्रेनच्या आत कॉटन आणि ड्राय-फिट दोन्ही ओले होतात, हे मान्य करून टाका. फरक उतरल्यावर पडतो. प्लॅटफॉर्मवर, पुलावर, रिक्षात वारा लागला की पातळ सिंथेटिक ऑफिसला पोचेपर्यंत बरंचसं सुकलेलं असतं, कॉटन तसंच ओलं.

मग तुम्ही एसी ऑफिसमध्ये शिरता. एसीची हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे तासभर हट्टाने ओला राहिलेला कॉटनचा शर्ट आता धडाधड वाळायला लागतो आणि अंगातली उष्णता ओढतो. ट्रेनमध्ये जो गारवा हवा होता तो कॉटन तुम्हाला ऑफिसात देतं, नको तेव्हा. दहा वाजता खुर्चीत कुडकुडणारे लोक दिसतात त्यातले अर्धे याचेच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला: प्रवासाला पातळ सिंथेटिक किंवा पॉली-कॉटन टीशर्ट, आणि ऑफिसचा शर्ट बॅगेत. हा ऑफिस शर्ट मात्र कॉटनचा असू दे, दिवसभर एसीमध्ये कोरड्या अंगावर कॉटनसारखं काही नाही. दुसरा उपाय स्वस्तातला आणि ज्यांना शर्ट बदलायला लाज वाटते त्यांच्यासाठी: वर पॉली-कॉटन शर्ट आणि आत पातळ कॉटनची बनियन. घाम बनियन पिते, शर्टावर डाग कमी येतात, ऑफिसला पोचल्यावर वॉशरूममध्ये फक्त बनियन बदलायची. घडी केली की मुठीत मावते. कॉटन घाम शोषून बसतं हा त्याचा दोष इथे आपण कामाला लावला, बदलली जाणार आहे म्हणूनच ती कॉटनची.

रंगाचंही ऐका. फिकट निळा आणि राखाडी यावर घाम सगळ्यात ठळक दिसतो, पांढरा ओला झाला की आरपार दिसतो. नेव्ही, काळा, बारीक चेक्स, प्रिंट, यात सगळं खपून जातं.

पायरी 3: आतले कपडे आणि मोजे, इथे कंजुषी नको

पावसाळ्यात स्किनच्या डॉक्टरांकडे गर्दी होते ती नायट्याची, गजकर्णाची. जांघेत, कमरपट्टीखाली, काखेत, बायकांना ब्राच्या पट्टीखाली गोल, कडेने लाल आणि मधे साफ असा चट्टा येतो आणि भयंकर खाजतो. ही बुरशी आहे, तिला ओल आणि ऊब लागते, आणि दिवसभर अंगावर राहिलेली ओली अंडरवेअर दोन्ही देते. त्यामुळे आतला कपडा पातळ कॉटनचा की सिंथेटिक यावर भांडत बसू नका, नियम एकच, ओला झाला की बदलायचा. एक जादा जोडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. स्पंजच्या पॅडची ब्रा पावसाळ्यात टाळा, स्पंज ना अंगावर सुकतो ना दोरीवर. आणि चट्टा आलाच तर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी आणखी पसरते. सरळ स्किन स्पेशालिस्ट गाठा.

मोज्यांचं थोडक्यात. घरून ऑफिसपर्यंत मोजे घालूच नका, फ्लोटर्स किंवा प्लास्टिकच्या सॅन्डल घाला, ऑफिसात पाय धुऊन पुसून कोरडे मोजे आणि बूट. मात्र पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात सॅन्डलने उतरू नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते. उतरावं लागलंच तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या.

पायरी 4: विकत घेताना ओळखायचं कसं

लेबल असेल तर लेबल वाचा, कॉलरला नसेल तर आत डाव्या बाजूच्या शिवणीला असतं. फॅशन स्ट्रीट, हिल रोड, दादर स्टेशनबाहेर लेबलचा भरवसा नाही, तिथे "प्युअर कॉटन है" हे सगळ्याच ढिगाऱ्यांना लागू असतं. दुकानात मूठ आवळून बघा: दहा सेकंद कापड मुठीत दाबून सोडलं आणि खूप चुरगळलं तर कॉटन किंवा रेयॉन, सरळ झालं तर पॉलिस्टर जास्त.

घरी आणल्यावर खात्री करायची असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरून काडेपेटीची काडी लावा, सिंकवर. कॉटन आणि रेयॉन कागदासारखे जळतात, कागद जळल्याचाच वास, मागे मऊ राख. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि गार झाल्यावर काळा कडक मणी राहतो. दोन्ही झालं, म्हणजे जळलं पण आणि टोकाला कडक गाठ पण आली, तर मिक्स.

ड्राय-फिटसाठी वेगळी टेस्ट. टीशर्ट उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदात रुपयाच्या नाण्याएवढा पसरला तर घाम पसरवणारं कापड आहे, थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर नुसतं पॉलिस्टर आहे आणि नाव ड्राय-फिट. त्यात घाम अंगावरून ओघळत राहतो. दुकानदार पाण्याची बाटली बघून वैतागतो, पण टाका.

पायरी 5: घेतलेला कपडा तुमच्या घरात रात्रीत वाळतो का ते बघा

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग सकाळी इस्त्रीने कपडे वाळवत बसतात. पीजीमध्ये किंवा वन रूम किचनमध्ये उन्हाचा संबंधच नाही, दोरी घरातच, पंख्याखाली. तर किचनचा वजनकाटा घ्या. पावसाळ्याच्याच एखाद्या दिवशी कोरडा कपडा मोजा. उन्हाळ्यात मोजलेलं वजन चालणार नाही, वर सांगितलं तसं कॉटन हवेतलं पाणी धरतं. मग धुवा, मशीनमध्ये स्पिन करा, रात्री दहाला पंख्याखाली टांगा, सकाळी सहाला परत मोजा. कोरड्या वजनापेक्षा 5-10 ग्रॅमच जास्त भरला तर पास. 40-50 ग्रॅम जास्त असेल तर तो कपडा तुमच्या घरात रोजच्या वापराला नापास, दुकानात कितीही आवडला असला तरी. पातळ पॉलिस्टर टीशर्ट आरामात पास होतो, पॉली-कॉटन शर्ट बहुतेक वेळा होतो, पातळ कॉटन शर्ट पंखा अंगावर असेल तर होतो, जीन्स कधीच होत नाही.

वाळत घालतानाही फरक पडतो. स्पिन दोनदा मारा. शर्ट हँगरवर, वरचं बटण लावून, दोन हँगरमध्ये वीतभर अंतर. पॅन्ट कमरेने उलटी करून टांगा म्हणजे खिसे बाहेर येतात, सगळ्यात शेवटी वाळतात ते खिसेच.

आता एक उदाहरण पूर्ण बघू

समजा तुम्ही डोंबिवलीला राहता आणि ऑफिस बीकेसीला, साडेनऊला पोचायचंय. पावणेआठला घरातून निघालात, स्टेशनपर्यंत दहा मिनिटं चालत, छत्री आहे. इथेच पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होते, जीन्स असती तर पुढचं सगळं तिच्याबरोबर भोगायचं होतं. आठच्या आसपासची फास्ट, कुर्ल्यापर्यंत 40-45 मिनिटं उभं राहून, ठाण्यानंतर हात खाली करायलाही जागा नाही. इथे वरचा टीशर्ट घामाने ओला. कुर्ला वेस्टला उतरून शेअर रिक्षाच्या लाईनीत, रिक्षाला दोन्ही बाजूंनी वारा आणि थोडे शिंतोडे, इथे सिंथेटिक टीशर्ट बराच सुकतो. सव्वानऊला ऑफिस.

आता खुर्चीत बसायच्या आधी वॉशरूममध्ये पाच मिनिटं द्या: छोट्या पातळ नॅपकिनने मान, पाठ, काखा कोरड्या पुसायच्या, मग कॉटनचा शर्ट घालायचा. ओल्या अंगावर कोरडा शर्ट घातलात तर तोही गेला. पॅन्ट तीच राहते, तिचा घेर दोन हाताने दाबून पिळायचा आणि झटकायचा, साडेदहा-अकरापर्यंत सुकते. ओला टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, खुर्चीच्या मागे किंवा लॉकरच्या दारावर पसरा, एसीमध्ये दोन तासात सुकतो आणि संध्याकाळी परत तोच घालून घरी. ऑफिसचा शर्ट हँगरवर तिथेच ठेवलात तर दोन दिवस चालतो.

यासाठी लागतं काय: प्रवासाचे सिंथेटिक टीशर्ट तीन, पॅन्ट तीन, ऑफिसचे कॉटन शर्ट चार. पॅन्ट तीन म्हणजे एक अंगावर, एक दोरीवर, एक सलग धो-धो पावसाच्या दिवसासाठी.

वासाचं काय

सिंथेटिकची खरी कटकट ही आहे. पॉलिस्टर पाणी घेत नाही पण अंगातलं तेल धरून ठेवतं, त्यावर जंतू वाढतात, म्हणून धुतलेला टीशर्टसुद्धा अंगावर घालून गरम झाला की अर्ध्या तासात जुना वास परत येतो. घरी आल्याआल्या पाण्यात टाका, बास्केटमध्ये ओला गोळा करून ठेवू नका. उलटा करून धुवा, घाम आतल्या बाजूला असतो. साबण पावडर नेहमीपेक्षा जास्त नको, ती कापडात राहते आणि तिथेच मळ धरते. आणि फॅब्रिक कंडिशनर सिंथेटिकला अजिबात नाही, त्याचा थर बसला की घाम पसरवण्याचा गुण जातो. वास बसलाच असेल तर बादलीत एक कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजत ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. तरी गेला नाही तर तो टीशर्ट झोपायला वापरा.

कॉटनचा कुबट वास वेगळा, तो हळू वाळल्यामुळे येतो. त्याला लेबलवर चालत असेल तर गरम पाण्याचा वॉश आणि जोराचा पंखा. सिंथेटिकला गरम पाणी आणि कडक इस्त्री दोन्ही नको, चमक येते आणि ती जात नाही.

मुंबईतून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास परततो. त्यानंतर ऑक्टोबर हीट सुरू होते, ऊन असतं, दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात, तेव्हा प्रवासालाही कॉटनचे शर्ट काढायला हरकत नाही. सिंथेटिक पॅन्ट एक दिवस उन्हात वाळत घालून मग त्यांची घडी करा, आणि छत्रीसुद्धा उघडून वाळवूनच माळ्यावर टाका.